तेरा ओळींत राजा हरतो : पद्यनाटकातली ओळीस-ओळ चकमक कशी वाचावी

ग्रीक शोकांतिका पहिल्यांदा वाचताना लांबलचक भाषणं मी नीट वाचायचो. दोन पात्रं एकेका ओळीत भांडायला लागली की मात्र वेग वाढवायचो. वाटायचं, इथे नुसती शब्दाला शब्द अशी उलटटपाली आहे, खरी गोष्ट भाषणात सांगून झाली. पुढे एका वाचनगटात अगामेम्नॉनचा प्रवेश उभा करायची वेळ आली, तेव्हा कळलं की राजा नेमका तिथेच हरतो आणि मी तेवढीच जागा सोडून पुढे जात होतो. तोवर चुकीच्या वाटांवर बराच वेळ गेला होता. तुमचा तो वेळ वाचावा म्हणून हे लिहितोय.

या प्रकाराला ग्रीकमध्ये स्टिकोमिथिया म्हणतात. ‘स्टिकोस’ म्हणजे ओळ, ‘मिथोस’ म्हणजे बोलणं. एक ओळ एकाची, पुढची दुसऱ्याची, आणि हे बराच वेळ न चुकता चालतं. दोघांच्याही ओळी एकाच वृत्तात आणि एकाच मापाच्या असतात. ग्रीक नाटकातल्या संवादाची ओळ साधारण बारा अक्षरांची, चार-चार अक्षरांचे तीन तुकडे, आणि प्रत्येक तुकड्याचा शेवट गुरू-लघु-गुरू असा. राणी असो, गुलाम असो, ओळ तेवढीच मिळते. म्हणून सत्तेचा खेळ इथे उघडा पडतो. भाषणात राजा हवा तितका वेळ घेऊ शकतो. इथे त्याला समोरच्याइतकीच जागा आहे, तेव्हा त्या जागेत कोण काय करतं ते मोजता येतं.

१. आधी जवळ काय हवं

फार काही लागत नाही, पण पहिली वस्तू नसेल तर पुढचं सगळं फसतं.

- ओळींचे क्रमांक छापलेली प्रत. अनुवाद गद्यात असेल आणि दोन-दोन ओळी एकत्र करून टाकल्या असतील तर तो या कामाला चालत नाही.
- शक्यतो दोन वेगवेगळे अनुवाद. ग्रीक येत नसलं तरी शेजारी मूळ संहिता उघडी असावी. पर्सियस डिजिटल लायब्ररीवर ती फुकट मिळते, आणि शब्दावर क्लिक केलं की त्याचा अर्थही दिसतो.
- दोन रंगांच्या पेन्सिली आणि एक वही.
- मोठ्याने वाचायला एक जोडीदार. एकट्याने दोन्ही पात्रं वाचून पाहिली आहेत मी. आपण नकळत दोघांना एकच आवाज देतो आणि भांडण मिटवून टाकतो.

पहिल्या मुद्द्यावर अडून राहा. आमच्या गटाकडे आधी जो अनुवाद होता, त्यात राणीचे दोन प्रश्न जोडून एकच वाक्य केलं होतं. वाचायला ते छान वाटायचं, पण राजाने मध्ये दिलेलं उत्तर पुढे सरकलं होतं आणि राणीने त्याला कुठे पकडलं ते दिसेनासं झालं होतं. आम्ही दोन बैठका त्या प्रतीवर घालवल्या.

२. तुकड्याच्या कडा आखा

सुरुवातीला एकच प्रसंग घ्या. मी सुचवेन तो एस्किलसच्या ‘अगामेम्नॉन’मधला, ओळी ९३१ ते ९४३. हे नाटक इ. स. पूर्व ४५८ मध्ये अथेन्समध्ये ‘ऑरेस्टिया’ या त्रयीचा पहिला भाग म्हणून झालं. प्रसंग असा : प्रायम राजाचं ट्रॉय जिंकून अगामेम्नॉन दहा वर्षांनी घरी आला आहे, रथातून उतरायचा आहे. राणी क्लायटेम्नेस्ट्रा रथापासून महालाच्या दारापर्यंत मौल्यवान जांभळी-लाल वस्त्रं अंथरते आणि त्यांवरून चालत ये म्हणते. तो म्हणतो, असा मान देवांचा, माणसाने वस्त्रं तुडवणं बरं नव्हे. जहाजांना वारा मिळावा म्हणून याच राजाने निघताना आपल्या मुलीचा, इफिजेनियाचा, बळी दिलेला आहे. राणी ते विसरलेली नाही. वस्त्रांवरून तो आत जाईल तो परत बाहेर येणार नाही.

आता चकमकीच्या आधी आणि नंतर काय आहे ते लिहून काढा. आधी राणीचं भलं मोठं भाषण आहे. त्यावर राजा टोमणा मारतो की तुझं भाषण माझ्या गैरहजेरीला साजेसं झालं, दोन्ही लांबलेली. त्या टोमण्यासकट सतरा ओळींच्या भाषणात तो ठाम नकार देतो. चकमक संपल्यावर, ९४४ व्या ओळीपासून, तोच राजा चौदा ओळी बोलतो, आणि त्यांतलं पहिलं काम म्हणजे गुलामाला जोडे काढायला सांगणं. म्हणजे तो चालायला तयार झालेला आहे. नकार आणि होकार यांच्यामध्ये फक्त तेरा ओळी. ज्याला ट्रॉय घ्यायला दहा वर्षं लागली, तो स्वतःच्या दारात तेरा ओळींत शरण येतो.

कडा आखल्याशिवाय आत शिरू नका. आत काय बदललं हे कडांवरूनच कळतं.

३. ओळी एकाखाली एक उतरवा

स्वतःच्या हाताने उतरवा. मी केलेला कामचलाऊ अनुवाद असा आहे. वृत्त सांभाळलेलं नाही, पण ओळीला ओळ ठेवली आहे.

९३१ राणी : बरं, एक सांग मला, तुझ्या मतात असेल तेच सांग.
९३२ राजा : मत? ते मी बिघडू देणार नाही, हे पक्कं समज.
९३३ राणी : भीतीच्या क्षणी देवांना असा नवस बोलला असतास का?
९३४ राजा : जाणत्याने तसं सांगितलं असतं, तर बोललो असतोच.
९३५ राणी : आणि प्रायमने? हा विजय त्याचा असता तर काय केलं असतं त्याने?
९३६ राजा : तो तर या वस्त्रांवरून नक्की चालला असता, मला वाटतं.
९३७ राणी : मग माणसांच्या बोलण्याची भीड धरू नकोस.
९३८ राजा : लोकांच्या तोंडात मोठी ताकद असते, हे तर खरं.
९३९ राणी : ज्याचा हेवा होत नाही, त्याच्यासारखं तर व्हावंसंही कुणाला वाटत नाही.
९४० राजा : लढाईची हौस, हे काही बाईचं लक्षण नव्हे.
९४१ राणी : भाग्यवंताला तर हार मानणंही शोभतं.
९४२ राजा : या लढाईतला विजय तुला इतका मोलाचा वाटतो?
९४३ राणी : ऐक माझं. आपखुशीने मला सोडलीस, तर सत्ता तुझीच.

दोन ठिकाणी सावध राहा. ९३४ मध्ये हस्तलिखितात क्रियापद ‘मी सांगितलं’ असं आहे. पुष्कळ संपादक एक स्वर बदलून ‘त्याने सांगितलं’ असं वाचतात आणि मी तेच घेतलं आहे. तसंच ९४३ चा पाठही वादाचा आहे, ‘सत्ता मला दे’ आणि ‘मला सोडून दिलीस तर सत्ताधारी तूच’ असे दोन्ही अर्थ चालतात. म्हणूनच दोन अनुवाद हवेत. दोघांत फरक दिसला की एक चुकला असं लगेच धरू नका, बहुतेक वेळा मूळ ओळच दुभंगलेली असते.

४. ‘जमीन’ कोण आणतं ते खुणा करून पाहा

या लेखातली मुख्य पायरी हीच. पहिल्या रंगाने प्रत्येक अशी ओळ रंगवा जिच्यात नवा विषय येतो. दुसऱ्या रंगाने अशी ओळ, जी समोरच्याने आणलेल्या विषयावरच उभी राहते. मी याला जमीन म्हणतो, कारण वाद कुठल्या जमिनीवर होणार हे ज्याने ठरवलं त्याचं अर्धं काम झालेलं असतं.

वरच्या ओळी रंगवून पाहा. ९३१ मध्ये ‘मत’ राणी आणते. ९३३ मध्ये नवस ती आणते. ९३५ मध्ये प्रायम, ९३७ मध्ये लोकांचं बोलणं, तेही तीच. राजा दरवेळी उत्तर देतो, आणि उत्तर चांगलंही देतो. ९३८ ही तर वजनदार ओळ आहे. पण चार वेळा विषय बदलला आणि चारही वेळा तो तिच्या मागे गेला. तो प्रत्येक ओळ वेगळी लढतोय आणि राणी सगळ्या ओळी मिळून एकच लढाई लढतेय.

या प्रश्नांचा क्रमही बघा. पहिला देवांचा : भीतीपोटी असं करशील का? तो हो म्हणतो. म्हणजे वस्त्रांवरून चालणं मुळातच पाप नाही, कुणी सांगितलं तर चालेल, एवढं त्याच्याच तोंडून निघालं. आणि ‘जाणत्याने सांगितलं असतं तर’ हे ऐकताना मला दरवेळी कॅल्कस आठवतो, ज्या ज्योतिष्याच्या सांगण्यावरून याच माणसाने मुलगी बळी दिली. राणी त्या मुलीचं नाव काढत नाही. तिने प्रश्न असा टाकला की उत्तर देताना त्याने स्वतःच ते दार किलकिलं केलं. दुसरा प्रश्न शत्रूचा : प्रायम काय करता? तो असता तर चाललाच असता. आता देवांचा आक्षेप ढिला झाला, शत्रूचं उदाहरण समोर आलं, आणि उरली फक्त लोकलाज. ९३७ मधला ‘मग’ त्यामुळेच एवढा पक्का बसतो. राजाचे तीन आधार होते, त्यांतले दोन त्यानेच काढून दिले.

आता ९४०. तेरा ओळींत राजाने स्वतःहून आणलेला हा एकच नवा विषय : लढाई. आणि तिथेच तो संपतो. तोवर हे नवरा-बायकोचं आर्जव होतं. ‘लढाई’ हा शब्द उच्चारून त्यानेच मान्य केलं की इथे हार-जीत चालू आहे. राणी तो शब्द लगेच उचलते : हरणंही शोभतं. म्हणजे लढाई आहे हे कबूल, आणि त्यात तू हरायचंस हेही ठरलं. ९४२ मध्ये तो पहिल्यांदाच प्रश्न विचारतो, आणि तिने त्या प्रश्नाचं उत्तर दिलेलंच नाही. ती सरळ म्हणते, ऐक माझं.

५. परत आलेले शब्द गोल करा

दुसरी खूण शब्दांची. ९३१ मध्ये ‘ग्नोमे’, म्हणजे मत किंवा निश्चय, हा शब्द राणी वापरते आणि ९३२ ची ओळ राजा त्याच शब्दाने सुरू करतो. शब्द उचलणारा वरचढ, असं पुष्कळ जण शिकवतात. इथे उलट आहे. तो तिचा शब्द उचलून बचाव करतोय. पुढे ९४१ मध्ये ती त्याची लढाई उचलते तेव्हा मात्र हल्ला करते. म्हणून नुसता शब्द परत आला एवढ्यावर थांबू नका. परत येताना त्याचा अर्थ कोणाच्या बाजूला झुकला ते पाहा. लढाई, हरणं, विजय, सत्ता अशी शेवटच्या चार ओळींतली साखळी आहे. पहिला शब्द राजाचा, शेवटचा राणीचा, आणि शेवटच्या शब्दात ‘क्रातोस’ म्हणजे सत्ता हे मूळ आहे, मग कुठलाही पाठ घ्या.

आपल्याला इथे एक मोठी सोय आहे. ग्रीकमध्ये ‘गे’ नावाचं एक चिमुकलं अव्यय या चकमकींत सारखं येतं, आणि पुष्कळ भाषांतरांत ते गळून जातं. मराठीत त्याला जवळजवळ नेमका जोड आहे : आपला ‘च’ आणि ‘तर’. ‘हे तर खरं’, ‘भाग्यवंताला तर हार मानणंही शोभतं’. समोरच्याचं अर्धं मान्य करून आपलं अर्धं पुढे सरकवायचं काम ‘गे’ करतं. या तेरा ओळींत ते ९३४, ९३८, ९३९, ९४१ आणि ९४३ मध्ये आहे. ९३८ मध्ये राजा ‘तर’ म्हणतो आणि पुढच्याच ओळीत राणी ‘तर’ने परतवते. मोठ्याने वाचताना ‘च’ आणि ‘तर’ गिळू नका, सगळा झगडा तेवढ्यावर उभा आहे.

६. पहिली आणि शेवटची ओळ कोणाची?

तेरा हा विषम आकडा. सात ओळी राणीच्या, सहा राजाच्या. तिने सुरुवात केली आणि तिनेच शेवट केला. राजाची सातवी ओळ ९४४ असायला हवी होती. पण ती ओळ प्रत्युत्तराची नाही. ‘बरं, तुला तसंच वाटत असेल तर’ म्हणून तो जोड्यांकडे वळतो आणि पुन्हा भाषण सुरू करतो. जो माणूस एका ओळीत उत्तर देऊ शकत नाही, तो पुन्हा चौदा ओळींचा राजा होतो. चकमक कोण मोडतं आणि मोडून कशात जातं हे प्रत्येक वेळी टिपून ठेवा.

७. इथे हमखास चुकतं

*प्रश्न विचारणारा म्हणजे सत्ता असलेला.* अगामेम्नॉन वाचून झाल्यावर हा समज पक्का होतो, म्हणून लगेच सोफोक्लीसच्या ‘अँटिगनी’मधल्या ७३४ ते ७४१ या ओळी काढा. बाप क्रिऑन राजा आहे, त्याने अँटिगनीला मृत्यूची शिक्षा दिली आहे, आणि तिच्याशी लग्न ठरलेला त्याचा मुलगा हेमन त्याला समजावतोय. काही ओळी आधी क्रिऑनने विचारलं आहे की या वयात मी एवढ्याशा पोराकडून अक्कल शिकायची का.

७३४ क्रिऑन : मी काय हुकूम द्यावा हे शहर मला सांगणार?
७३५ हेमन : बघ, पोरासारखं तर आता तू बोललास.
७३६ क्रिऑन : या भूमीवर राज्य मी दुसऱ्यासाठी करायचं, स्वतःसाठी नाही?
७३७ हेमन : एकाच माणसाचं असेल ते शहर शहरच नव्हे.
७३८ क्रिऑन : सत्ता ज्याची, शहर त्याचंच मानत नाहीत का?
७३९ हेमन : ओसाड भूमीवर एकटा छान राज्य करशील तू.
७४० क्रिऑन : हा त्या बाईच्या बाजूने लढतोय असं दिसतं.
७४१ हेमन : तू बाई असशील तर. काळजी मला तुझी आहे.

तिन्ही प्रश्न क्रिऑनचे. पण तो ते उत्तरासाठी विचारत नाही, ‘नाहीच’ हे ऐकायला विचारतो. हेमन प्रत्येकाला खरं उत्तर देतो आणि प्रश्न हातातच फुटतो. क्लायटेम्नेस्ट्राचा प्रश्न पुढच्या ओळीला वाट दाखवायचा, क्रिऑनचा प्रश्न वाट बंद करायला आहे. प्रश्नचिन्हं मोजू नका. प्रश्नानंतरची ओळ कुणाच्या इच्छेप्रमाणे आली ते पाहा.

७४० वर थोडं थांबा. इतका वेळ मुलाशीच बोलणारा क्रिऑन एकदम त्याला ‘हा’ म्हणतो, मुलाकडून तोंड फिरवून नाटकातल्या गायकवृंदाकडे बोलतो. समोरच्याला सोडून तिसऱ्याशी बोलायला लागणं ही हरत असल्याची सगळ्यात स्पष्ट खूण मला वाटते. आणि हेमन त्याला परत ओढतो, ‘तू’ने.

*वाद जिंकला म्हणजे सत्ता मिळाली.* हेमन ओळीमागून ओळ जिंकतो, आणि शेवटी क्रिऑन अँटिगनीला याच्या डोळ्यांदेखत मारा असा हुकूम सोडतो, तर मुलगा निघून जातो. पहारेकरी क्रिऑनचेच आहेत. चकमक दाखवते ती बोलण्यातली सत्ता. ती आणि हुकुमाची सत्ता जिथे वेगळ्या होतात तिथेच बहुधा शोकांतिका असते, आणि म्हणून आपल्या वहीत दोन वेगळे रकाने ठेवा.

*चकमक म्हणजे सतत वाढता वेग.* वेग वाढवायचाच असेल तर नाटककार ओळच तोडतो. ‘ईडिपस राजा’मध्ये आपण कोणाचा मुलगा हे शोधणारा ईडिपस, तान्हेपणी त्याला ज्याच्या हाती दिलं होतं त्या म्हाताऱ्या मेंढपाळाची उलटतपासणी करतो, तिथे पाहा. ११६९ मध्ये मेंढपाळ म्हणतो, भयंकर ते सांगण्याच्या आता अगदी काठावर आलोय. ईडिपस म्हणतो, आणि मी ऐकण्याच्या, तरी ऐकायलाच हवं. मग काही ओळींनी, ११७३ पासून, एकाच ओळीचे दोन तुकडे होतात : अर्धी ईडिपसची, अर्धी मेंढपाळाची. ‘तिनेच तुला दिलं?’ ‘होय, महाराज.’ ‘कशासाठी?’ ‘मारून टाकायला.’ याला अँटिलाबे म्हणतात. बारा अक्षरांची एक ओळ दोघांनी मिळून पुरी केली. राजाकडे सत्ता आहे, मेंढपाळाकडे माहिती, आणि वृत्ताने दोघांना एकाच ओळीत कोंडलं आहे. अशा तुकड्यांत वेग घ्या, बाकीच्या चकमकीत ओळीला तिचं पूर्ण माप द्या.

८. मोठ्याने वाचा, मग अदलाबदल करा

पहिल्या वाचनात ओळींमध्ये अजिबात थांबू नका. आमच्याकडे दिग्दर्शन करणाऱ्याला प्रत्येक ओळीनंतर ‘विचार करायला’ विराम हवा होता. प्रवेश ऐकायला गंभीर वाटू लागला, पण राजा प्रत्येक वेळी विचार करून उत्तर देतोय असं दिसायला लागलं, आणि मग तो हरतो कसा हेच कळेना. विराम काढल्यावर उलगडलं. त्याला विचार करायला वेळच मिळत नाही. त्याची ओळ संपते त्या ठोक्यावर तिचा पुढचा प्रश्न तयार असतो.

दुसऱ्या वाचनात भूमिका बदला. राणी वाचणाऱ्याला पुढची ओळ आधीच ठाऊक असल्यासारखं वाटतं, राजा वाचणाऱ्याला प्रत्येक ओळीला नव्याने पाय रोवावे लागतात. आमच्यातली एक जण राजा वाचताना ९४० पाशी थांबली आणि म्हणाली, ‘अरे, मी हे का बोलले? हे बोलायलाच नको होतं.’ तोवर आम्ही कुणीच ती ओळ वळणाची मानली नव्हती.

तिसऱ्या वाचनात एकच विराम ठेवायची परवानगी घ्या आणि तो कुठे ठेवायचा यावर भांडा. मी तो ९४२ नंतर ठेवतो.

९. ‘तू’ आणि ‘तुम्ही’चा पेच

मराठीत हे करताना एक निर्णय टळत नाही. ग्रीकमध्ये एका माणसाशी बोलताना आदराचं वेगळं सर्वनाम नाही. राणीने राजाला ‘आपण’ म्हणावं असं आपल्या कानाला आपसूक वाटतं. मी दोन्ही करून पाहिलं. ‘आपण’ म्हटलं की राणीची नम्रता धारदार होते, ऐकायला फार छान लागतं, पण पहिल्याच ओळीत पायरी ठरून जाते, आणि दोघांना सारखी ओळ देण्याचा सगळा हेतू वाया जातो. म्हणून वर दोघांनाही ‘तू’ दिलं आहे. हेमनलाही बापाशी ‘तू’च बोलायला लावलं, तेही याच कारणाने.

शेक्सपिअरच्या वेळी मात्र गोष्ट वेगळी आहे. सेनेकाच्या लॅटिन नाटकांमधून ही रीत त्या काळच्या इंग्रजी रंगभूमीवर पोचली, आणि त्या इंग्रजीत तू-तुम्हीचा भेद अजून जिवंत होता. ‘हॅम्लेट’च्या तिसऱ्या अंकाच्या चौथ्या प्रवेशात आई आणि मुलगा भेटतात. गर्ट्रूड ज्याला त्याचा बाप म्हणते तो तिचा नवा नवरा, आणि हॅम्लेट ज्याला बाप म्हणतो तो मेलेला राजा.

गर्ट्रूड : हॅम्लेट, तू तुझ्या वडिलांना फार दुखावलंस.
हॅम्लेट : आई, तुम्ही माझ्या वडिलांना फार दुखावलंत.
गर्ट्रूड : चला, चला, रिकाम्या जिभेने उत्तर देताय तुम्ही.
हॅम्लेट : जा, जा, दुष्ट जिभेने विचारताय तुम्ही.

पहिल्या ओळीत आईचं ‘तू’ आहे, मायेचं आणि हक्काचं. मुलगा तिचंच वाक्य उचलतो, पण ‘तुम्ही’ घालून. तिसऱ्या ओळीत आई ‘तू’ सोडते. तिला आईच्या जागेवरून खाली उतरवायला हॅम्लेटला एकच ओळ पुरली. इथे अनुवादकाने सगळीकडे ‘तू’ करून ठेवलं असेल तर ही गोष्ट तुम्हाला कधी दिसणारच नाही. म्हणून इंग्रजी नाटक घेताना मूळ ओळींतली सर्वनामं आधी तपासा आणि वहीत तिसरा रकाना त्यांचा करा.

१०. पुढचा तुकडा घेताना

अगामेम्नॉन, मग क्रिऑन, मग ईडिपस आणि मेंढपाळ, असा क्रम ठेवा. ईडिपसचा तुकडा शेवटी, कारण तिथे दोन्ही रंग पुसट होतात. विषय बहुतेक ईडिपसच आणतो, प्रश्नही बहुतेक त्याचेच, मेंढपाळाला छळाची धमकीही तोच देतो, उत्तरं त्याला हवी तशीच वळतात. तुमच्या वहीत तो प्रत्येक ओळीत वरचढ दिसेल. मग प्रत्येक उत्तराशेजारी एक बारीक खूण करा : हे उत्तर मिळाल्यावर प्रश्न विचारणारा आधीपेक्षा कमी राजा झाला का? ११७३ पासूनच्या तुटक्या ओळींत ती खूण जवळजवळ प्रत्येक अर्ध्या ओळीला येते.